घरात उर्दू नाही, तर उर्दू आणायची कुठून?



जून महिना आला की आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. "सर, मुलीचं नाव उर्दू शाळेत घातलं, पण आम्हा दोघांनाही उर्दू वाचता येत नाही. आता घरी अभ्यास कोण घेणार?" विचारणारे बहुतेक मराठी माध्यमातून शिकलेले असतात. लहानपणी मदरशात नाज़रा कुरआन झालेला असतो, घरात दखनी वळणाचे बोलणे असते, आणि दाराबाहेर पाऊल टाकले की सगळे मराठी. बाजार मराठीत, एस.टी. मराठीत, तलाठी कार्यालय मराठीत. उर्दू कानावर पडते ती जुम्म्याच्या बयानात आणि लग्नाच्या दावतनाम्यात.

अशा माणसाने आठवड्यातून दोन तास उर्दूचा वर्ग लावला तरी जागेपणीचे उरलेले शंभरावर तास मराठीतच जातात. मालेगावात किंवा भिवंडीत राहणाऱ्याला दुकानाच्या पाट्याच शिकवतात; साताऱ्याकडच्या तालुक्याच्या गावात पाटी शिकवायला येत नाही. मग ती पाटी आपल्याच दिवसात लावावी लागते. त्यासाठी आम्ही तीन जागा सुचवतो: हातातला मोबाइल, रात्रीचे वहीचे एक पान, आणि काम करताना स्वतःशी केलेले बोलणे. या तिन्हींची कामे वेगळी आहेत आणि एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. लोक बहुधा फक्त पहिले करतात, महिनाभराने कंटाळतात आणि "मोबाइल उर्दूत केला होता, काही उपयोग झाला नाही" म्हणतात.

आमच्या गल्लीतल्या एका भाभींनी गेल्या वर्षी हे तिन्ही केले. त्या बी.ए. आहेत, मराठी माध्यमाच्या. मुलगी पहिलीत उर्दू शाळेत. त्यांच्याच अनुभवाच्या आधाराने हे सांगतो.

आधी त्यांच्यापाशी काय होते ते पाहू, कारण आपल्या घरांतून ही पुंजी असते आणि तिची मोजदाद कुणी करत नाही. कुरआन वाचता येत असल्याने अलिफपासून येपर्यंतची अक्षरे, ती जोडली की बदलणारे त्यांचे आकार आणि उजवीकडून डावीकडे जाणारी नजर हे सारे त्यांच्याकडे होते. शिकायची राहिली ती अरबीत नसलेली अक्षरे: पे, टे, चे, डाल, ड़े, ज़े-फ़ारसी आणि गाफ़. शिवाय नून-ए-गुन्ना, बड़ी ये आणि दो-चश्मी हे. आपल्या ख, घ, थ, ध या अक्षरांसाठी उर्दूत क, ग, त, द ला दो-चश्मी हे जोडतात, एवढे कळले की निम्मे काम झाले. हे आठ दिवसांत होते. खरी अडचण दुसरीच असते. कुरआनात ज़बर-ज़ेर-पेश छापलेले असतात, उर्दूत ते नसतात. 'इस' आणि 'उस' उर्दूत एकसारखे लिहितात. कोणता ते वाक्यावरून ओळखायचे. म्हणजे शब्द आधीपासून ओळखीचा असेल तरच तो वाचता येतो. म्हणून ओळखीचे शब्द दिवसातून अनेकदा डोळ्यांपुढे यायला हवेत, आणि या कामाला मोबाइल चांगला.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग भाषा या वाटेने जावे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ही जागा 'जनरल मॅनेजमेंट'खाली असते. तिथे नवी भाषा जोडताना यादीत اردو दिसेल. ती निवडून यादीत सर्वांत वर ओढून ठेवायची. मराठी काढून टाकायची नाही, दुसऱ्या क्रमांकावर ठेवायची. म्हणजे ज्या ॲपला उर्दू येत नाही ते मराठीत दिसेल, आणि परत यायचे झाल्यास मराठी पुन्हा वर ओढली की झाले. हे करण्याआधी ही वाट दोनदा मराठीत चालून पाहा आणि कोणत्या चित्रावर बोट ठेवले ते लक्षात ठेवा. उर्दू लावताच सगळी पडदाभर उलटापालट होते: यादी उजवीकडून सुरू होते, मागे जाण्याचा बाण उजवीकडे वळतो. पहिले दोन दिवस घरातले ओरडतात, नंतर सवय होते.

पैशांची ॲप मात्र यातून वगळा. बँक आणि पैसे पाठवण्याचे ॲप मराठीत किंवा इंग्रजीतच राहू द्या. अर्धवट वाचून बटण दाबण्याची ती जागा नव्हे. अँड्रॉइड 13 पासून पुढच्या फोनमध्ये एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, तीही भाषेच्याच पानावर. ज्यांना सगळा फोन बदलायची भीती वाटते त्यांनी फक्त व्हॉट्सॲप उर्दूत करावे. त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये भाषेची सोय आहे.

आता पडद्यावर काय दिसते ते पाहा. सेटिंग्जच्या जागी ترتیبات, म्हणजे तरतीबात. 'तरतीब' शब्द आपल्याला नवा नाही. जतन करा म्हणायला محفوظ کریں, महफ़ूज़ करें. लौह-ए-महफ़ूज़ ऐकलेल्याला अर्थ सांगावा लागत नाही. रद्द करायला منسوخ کریں, मन्सूख करें. नासिख-मन्सूखची चर्चा ज्यांनी दर्समध्ये ऐकली आहे त्यांना हाही ओळखीचा. पुसायला حذف کریں, हज़्फ़ करें. शोधायला تلاش کریں, तलाश करें. परवानगीला اجازت دیں, इजाज़त दें. भाभींना पहिल्या आठवड्यात असे तीसेक शब्द अडखळत वाचता येऊ लागले. त्या खूश झाल्या; आम्हीही झालो.

पण इथेच एक फसवणूक आहे. दहा-बारा दिवसांनी माणूस शब्द वाचणे सोडतो आणि जागा ओळखू लागतो. एका बाजूचे बटण म्हणजे हो, दुसऱ्या बाजूचे म्हणजे नको. डोळा अक्षरांवर टेकतच नाही. हे झाले की नाही हे तपासायला भाभींना आम्ही एक कागद दिला आणि म्हटले, फोन बाजूला ठेवून त्यावरचे दहा शब्द आठवून लिहा. तीन आले. बाकीचे फोनवर पाहिले की "हां, हेच" असे वाटायचे, पण हाताला ते माहीत नव्हते. दुसरे म्हणजे, फोनची भाषा ही हुकमाची भाषा आहे. 'करें', 'दें', 'खोलें', एवढेच. तिच्यात 'मी' नाही, 'काल' नाही, कुणाचे कुणाशी नाते नाही. आणि घरात कुणी "पंखा मन्सूख करो" म्हणत नाही. म्हणून सगळा फोन उर्दूत ठेवायचा तो तीन आठवडे. त्यानंतर त्यातून नवे काही फारसे मिळत नाही.

फोनमधल्या ज्या गोष्टी आपण स्वतः लिहितो त्या मात्र कायम उर्दूत ठेवण्यासारख्या आहेत. उर्दू कीबोर्ड जोडून घ्या आणि फोनबुकातली नावे एकेक करून उर्दूत लिहा: अम्मी, ख़ाला, बड़े भाई, दूधवाला, शाळेच्या बाई. दिवसातून दहा फोन आले तर दहा वेळा नाव वाचले जाते, आणि वाजतो तेव्हा नीट पाहावेच लागते, जागेवरून ओळखता येत नाही. गजराला नाव द्या: 'फ़ज्र', 'दूध लेना है', 'बेटी की दवा'. किराण्याची यादी उर्दूत करा. दुकानात उभे राहून वाचायची असल्याने ती नीटच लिहावी लागते. भाभींच्या यादीत एकदा तूर डाळीऐवजी नुसती 'दाल' होती आणि घरी मसूर आली, पण तो दोष उर्दूचा नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बहुतेक फोनवर उर्दू दिसते ती नस्ख़ वळणाची, कुरआनासारखी आडवी, सरळ रेषेतली. मुलीचे पुस्तक आणि उर्दू वर्तमानपत्र असते नस्तालीक़मध्ये, जिथे शब्द उजवीकडून खाली उतरत येतो आणि नुक़्ते थोडे सरकलेले दिसतात. आपल्या लोकांना ही अडचण नसून पायरी आहे: ओळखीच्या वळणात शब्द आधी पक्का होतो, मग तोच शब्द पुस्तकात शोधायचा. बालभारतीची उर्दू माध्यमाची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पहिलीचे पुस्तक उतरवून घ्या आणि रोज त्यातला एकच शब्द फोनवर टाइप करा. दोन वळणे शेजारी ठेवून पाहिली की डोळा आपोआप शिकतो.

टाइप करताना मात्र कीबोर्ड पुढचा शब्द सुचवत असतो. आपण 'ज़' लिहिताना ज़ाल, ज़े, ज़्वाद की ज़ोय हा विचार करायच्या आत तो बरोबर शब्द पुढे करतो. सोय म्हणून छान. पण हात काहीच शिकत नाही. म्हणून दुसरी जागा: कागदाची वही.

वहीचा नियम आम्ही साधा ठेवला. इशानंतर पाच ओळी, उर्दू लिपीत, पेनाने. पाचच. पहिल्या दिवशी उत्साहात पान भरणारा चौथ्या दिवशी वही उघडत नाही, हे आम्ही शाळेत वर्षानुवर्षे पाहतो. जो शब्द उर्दूत येत नाही त्यासाठी थांबायचे नाही. तो मराठीत, देवनागरीतच मध्ये लिहायचा आणि त्याला गोल करायचा. दुसऱ्या दिवशी त्या गोलांपैकी फक्त तीन शोधायचे. रेख़्ताच्या शब्दकोशात देवनागरीत शब्द टाकला तरी उर्दू अक्षरांतला शब्द मिळतो, हे आपल्यासाठी फार सोयीचे आहे. सापडलेला शब्द त्या दिवसाच्या पाच ओळींत वापरायचाच, नाहीतर तो राहत नाही.

भाभींच्या पहिल्या आठवड्यातले एक पान असे होते: आज सुबह बारिश थी. बेटी स्कूल गई. मैं कपड़े धोई. घागर खाली रखी. जेठ साहब कमिटी का राजीनामा दिए.

या पाच ओळींत एवढे काही आहे की आम्ही तासभर त्यावरच बोललो. 'सुबह' त्यांनी सीनने आणि छोटी हेने लिहिले होते. तो अरबी शब्द, स्वाद आणि बड़ी हेचा. अशा जागी आमचा सल्ला एवढाच, की शब्द अरबीतून आलेला वाटला तर त्याचे अरबी नातलग आठवून पाहावेत. ज़ुल्म ज़ोयने, ज़िक्र ज़ालने, सब्र स्वादने, हे ज्याने कुरआनात पाहिले आहे त्याला ज़ालिम, ज़ाकिर, साबिर पाठ करावे लागत नाहीत. सगळीकडे हे चालत नाही, पण पुष्कळ ठिकाणी चालते.

मग 'घागर खाली रखी'. भाभींना म्हणायचे होते की घागर जमिनीवर ठेवली. उर्दू वाचणारा समजेल की घागर रिकामी ठेवली, कारण उर्दूत ख़ाली म्हणजे रिकामे. मराठी 'खाली'ला उर्दूत 'नीचे'. आणि 'राजीनामा' तर त्याहून मजेशीर. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणे. उर्दूत राज़ीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी होऊन केलेला समझोत्याचा कागद. जेठ साहेबांनी कमिटी सोडली असे लिहायचे तर 'इस्तीफ़ा'. मराठीत फ़ारसी-अरबी शब्द इतके आहेत की आपल्याला उर्दू अर्धी येतेच. बाजार, जमीन, वकील, हुकूम, नुकसान, किंमत, खर्च यांना वेगळे शिकावे लागत नाही. पण काही शब्द वाटेत अर्थ बदलून आले. 'शिकस्त' घ्या. मराठीत शिकस्त करणे म्हणजे पराकाष्ठेचा प्रयत्न. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मुलाने परीक्षेसाठी शिकस्त केली असे उर्दूत लिहिले तर शाळेतल्या बाई सांत्वनाला येतील. अशा शब्दांसाठी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी यादी ठेवावी. भाभींची यादी तीन महिन्यांत एकोणीस शब्दांची झाली आहे.

लिंगाचीही गोष्ट तिथेच नोंदवावी. मराठीत तीन लिंगे, उर्दूत दोन. आपले नपुंसकलिंगी शब्द तिकडे कुठे गेले ते एकेक करून पाहावे लागते: दूध, पाणी, घर, शहर पुल्लिंगी झाले, पण तेच 'दुकान' स्त्रीलिंगी. मराठीत 'मोठं दुकान', उर्दूत 'बड़ी दुकान'.

बाराव्या-तेराव्या दिवशी वहीत एक रोग शिरतो: रोज तीच पाच वाक्ये. खाना पकाया, कपड़े धोए, बेटी को पढ़ाया. हाताला वळण लागते, भाषा वाढत नाही. यावर आम्ही एक गोष्ट ठरवून दिली की पाचांपैकी एक ओळ दुसऱ्याच्या बोलण्याची असावी: आज कुणी काय म्हटले. त्याने लगेच नवी गरज उभी राहते. आपल्या घरातल्या बोलीत आपण म्हणतो, "कल आती करके बोली", जे थेट मराठीच्या "उद्या येते म्हणून म्हणाली" या वळणाचे आहे. किताबी उर्दूत ते होते, "उसने कहा कि कल आऊँगी." एका ओळीत तीन बदल. ही एक ओळ रोज लिहिणारी व्यक्ती महिनाभरात कितीतरी पुढे जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. घरातली दखनी चुकीची आहे असे आम्ही कधी म्हटलेले नाही. मुल्ला वजहीने 1635 मध्ये 'सबरस' लिहिले ते दखनीत, आणि गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद क़ुली क़ुत्ब शाह दखनीचाच शायर. आजीशी दखनीतच बोला. पण मुलीची वही, पुस्तक आणि परीक्षा ज्या उर्दूत आहे ती वेगळी उभी राहिली पाहिजे, आणि दोन्हींमधली सीमा माहीत असली पाहिजे. ही सीमा सर्वांत ठळक दिसते ती तिसऱ्या जागी, स्वतःशी बोलताना.

स्वतःशी बोलणे म्हणजे नुसते पुटपुटणे नव्हे. त्याला वेळ आणि काम ठरवून घ्यावे. भाभींनी सकाळचा स्वयंपाक घेतला, कारण तेव्हा स्वयंपाकघरात दुसरे कुणी नसते. हात जे करत आहेत ते तोंडाने सांगायचे: मैं आटा गूँध रही हूँ. तवा गरम हो रहा है. अब रोटी पलट रही हूँ. पाच मिनिटे. शब्द अडला तर थांबायचे नाही, वळसा घालून जायचे. उलथन्याला काय म्हणतात ठाऊक नाही? मग 'वह चीज़ जिससे रोटी पलटते हैं'. असा वळसा घालता येणे हीच बोलण्यातली मोठी शिकवण आहे.

हे आठवडाभर जमले की तेच सगळे भूतकाळात सांगायचे, डबा भरताना: मैंने आटा गूँधा, मैंने रोटी पकाई, मैंने सालन गरम किया. इथे आपली सगळी माणसे घसरतात. आपण म्हणतो "मैं रोटी पकाई", "मैं कपड़े धोई". भाभींच्या पानावर तेच होते. दखनीत हा 'ने' नाहीच, आणि मराठीनेही आपल्याला फसवले आहे. मराठीत 'त्याने भाकरी केली', 'बहिणीने भाकरी केली' असे 'ने' येते. पण 'मी भाकरी केली', 'तू भाकरी केलीस' यात येत नाही. उर्दूत तो सर्वांना लागतो: मैंने, तूने, उसने, बहन ने. क्रियापद मात्र दोन्हीकडे खाल्लेल्या, केलेल्या वस्तूप्रमाणेच चालते. 'भाकरी केली' तशी 'रोटी पकाई', 'भात केला' तसे 'चावल पकाए'. म्हणजे अवघड अर्धे आपल्याला मराठीने आधीच शिकवलेले आहे. फक्त 'मैं'ला 'ने' चिकटवायचा राहिला.

तो कधी चिकटवायचा यासाठी आम्ही एक युक्ती सांगतो. स्वतःच्या जागी बहिणीला उभे करा आणि मनात मराठी वाक्य म्हणा. बहिणीने कपडे धुतले: 'ने' आला, म्हणून 'मैंने कपड़े धोए'. बहीण बाजारात गेली: 'ने' नाही, म्हणून 'मैं बाज़ार गई'. बहिणीने पत्र लिहिले: 'मैंने ख़त लिखा'. बहीण झोपली: 'मैं सोई'. शंभरातल्या बहुतेक वाक्यांना ही बहीण बरोबर उत्तर देते.

काही ठिकाणी ती फसते आणि त्यांतली ही चार पाठच करावीत. बहीण जेवली, पण 'मैंने खाना खाया'. बहीण चहा प्यायली, पण 'मैंने चाय पी'. बहीण उर्दू शिकली, पण 'मैंने उर्दू सीखी'. या तिन्हींत मराठीत 'ने' नाही आणि उर्दूत आहे. चौथे उलटे: बहिणीने भाजी आणली, पण उर्दूत 'मैं सब्ज़ी लाई', 'ने' नाही. स्वयंपाकघरात या चारही गोष्टी रोज घडतात, तेव्हा सरावाला तोटा नाही.

आता या तिसऱ्या जागेचा धोका. वहीत लिहिलेले कुणाला दाखवता येते. स्वतःशी बोललेले हवेत जाते. चुकीचे वाक्य रोज पाच मिनिटे बोलले तर ते अधिक पक्के होते, आणि बोलणाऱ्याला वाटते की आपली उर्दू सफाईदार होत आहे. ती सफाई खरी असते, पण दखनीची. म्हणून आठवड्यातून एकदा, समजा शनिवारी, फोनच्या रेकॉर्डरवर एक मिनिट आदल्या दिवसाची हकीगत सांगून भरावी. मग कागद घेऊन ऐकावी आणि एकच गोष्ट मोजावी. सगळ्या चुका मोजायला बसलात तर पुन्हा रेकॉर्डर उघडणार नाही. भाभींनी 'ने' मोजला: जिथे हवा होता अशा जागा किती, आणि त्यांपैकी किती ठिकाणी आला. पहिल्या शनिवारी नऊपैकी दोन. तिसऱ्या शनिवारी आठपैकी पाच. चौथ्या शनिवारी एक नवीनच गोष्ट झाली: 'मैंने बाज़ार गई', 'मैंने सब्ज़ी लाई'. 'ने' नको तिथेही येऊ लागला. भाभी हिरमुसल्या. आम्हाला मात्र ते ऐकून बरे वाटले, कारण घरच्या बोलीत 'मैंने गई' कुणीच म्हणत नाही. म्हणजे जुनी सवय सुटली होती आणि नवीन नियम जागा शोधत होता. बहिणीची युक्ती दोन आठवडे चालवल्यावर तेही थांबले. सहाव्या शनिवारी अकरापैकी नऊ. राहिलेले दोन्ही 'खाना खाया'चे होते.

वहीचे पानही आठवड्यातून एकच तपासायला द्यावे, शाळेतल्या बाईंना किंवा उर्दू जाणणाऱ्या कुणालाही फोटो काढून. तपासणाऱ्याला आधीच सांगावे की दोनच चुका दाखवा. सगळे पान लाल करून देणारा मनुष्य विद्वान असेल, पण तो या कामाचा नव्हे. भाभींच्या घरी आता दुसरा तपासनीसही तयार झाला आहे. मुलगी दिवाळीपर्यंत अक्षरे जोडू लागली आणि अम्मीचे पान वाचून "यह तो बड़ी ये है" असे सांगू लागली. मुलीकडून ऐकून घेणे भाभींना जमले. सगळ्यांना जमतेच असे नाही.

मुलीच्या वहीत शाळेतून येणाऱ्या सूचना हा खरा कस. त्यांत 'कल' हा शब्द फार येतो आणि तो मराठी माणसाला गोंधळात टाकतो, कारण आपल्याकडे काल आणि उद्या वेगळे आहेत. उर्दूत दोन्ही 'कल'च. वाचताना त्यावर न थांबता वाक्याच्या टोकाला जावे: टोकाला 'था, थी' असेल तर काल, 'होगा, होगी, रहेगा' असेल तर उद्या. "कल स्कूल बंद रहेगा" हे भाभींनी ऑगस्टमध्ये कुणाला न विचारता वाचले आणि मुलीला घरी ठेवले. नुसतेच 'है' असेल, जसे "कल इम्तिहान है", तर तेही उद्याच.

या तिन्ही जागांतून एक गोष्ट मिळत नाही. फोन उलट बोलत नाही, वही प्रश्न विचारत नाही, आणि स्वतःशी बोलताना पुढचे वाक्य काय येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. समोरच्याने अनपेक्षित विचारले की जीभ लगेच मराठीकडे किंवा दखनीकडे वळते. याला उपाय एकच: नात्यातले कुणी उर्दूच्या मुलखात असेल त्यांच्याशी आठवड्यातून एक ठरावीक फोन. भाभींची एक ख़ाला मालेगावात आहे. जुम्म्याला असरनंतर दहा मिनिटे, अट एवढीच की ख़ालाने मराठी कळत असूनही मराठीला उत्तर द्यायचे नाही. पहिल्या दोन फोनमध्ये सलाम, ख़ैरियत आणि मग शांतता. मग भाभींनी फोन करण्याआधी त्या आठवड्याच्या वहीतली दोन पाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, म्हणजे बोलायला विषय हाताशी राहतो. ख़ाला मधेच विचारते, "तो फिर जेठ ने इस्तीफ़ा क्यों दिया?" आणि त्याचे उत्तर वहीत लिहिलेले नसते.

तीन आठवड्यांनी भाभींनी फोन पुन्हा मराठीत केला. नावे, गजर आणि किराण्याची यादी उर्दूतच राहिली आहे. दूधवाल्याचा फोन आला की सासूबाई पडद्याकडे पाहून अजून विचारतात, "ये किसका नाम है गे?"